मिश्र जोडणीतला एकूण रोध: आधी टोकं, मग सूत्र

एकसर जोडणीत रोधांची बेरीज करायची आणि समांतर जोडणीत त्यांच्या व्यस्तांची, ही दोन सूत्रं नववी-दहावीच्या बहुतेक मुलांना पाठ असतात. यवतमाळकडच्या एका खेड्यात मी विज्ञान शिकवतो. विचारलं की मागच्या बाकावरचा पोट्टाही ती घडाघड म्हणून दाखवतो. पण पाच रोधांची आकृती फळ्यावर काढली की शेजारी-शेजारी बसलेल्यांच्या वह्यांत वेगवेगळी उत्तरं येतात. सूत्र सगळ्यांचं बरोबर असतं. कोणते रोध एकसर आणि कोणते समांतर, हे ठरवताना घोडं पेंड खातं.

म्हणून या लेखात एकच गणित घेऊ आणि ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोडवू. कागद-पेन्सिल घेऊन बसा आणि जिथे आकृती सांगितली आहे तिथे ती स्वतःच्या हाताने काढा. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही, काढून बसतं.

दोन सूत्रं कुठून आली

ओहमचा नियम V = I × R असा आहे. V म्हणजे विभवांतर, ते व्होल्टमध्ये. I म्हणजे विद्युतधारा, ती अँपिअरमध्ये. R म्हणजे रोध, तो ओहममध्ये. पुढचं सगळं या एका ओळीतून निघतं.

एकसर जोडणीत रोध एकाच वाटेवर एकामागे एक असतात. धारेला दुसरीकडे वळायला जागाच नाही, त्यामुळे पहिल्या रोधातून जेवढी धारा गेली तेवढीच दुसऱ्यातूनही जाते. विभवांतर मात्र दोघांत वाटलं जातं: पहिल्यावर I × R₁, दुसऱ्यावर I × R₂. दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण विभवांतर. सगळीकडचा I काढून टाकला की उरतं:

R = R₁ + R₂

समांतर जोडणीत उलट होतं. दोन्ही रोधांची टोकं त्याच दोन बिंदूंना जोडलेली असतात, म्हणून दोघांवरचं विभवांतर सारखंच असतं आणि धारा वाटली जाते. एकातून V/R₁, दुसऱ्यातून V/R₂. यांची बेरीज म्हणजे एकूण धारा. इथे सगळीकडचा V निघून जातो आणि उरतं:

१/R = १/R₁ + १/R₂

दुसऱ्या सूत्राचा एक परिणाम मुलांना सहज पटत नाही. समांतर जोडणीत आणखी एक रोध लावला की एकूण रोध वाढत नाही, घटतो. दिवाळीनंतर जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. आत एकच वजनकाटा चालू असेल तर गाड्या हळू सरकतात. शेजारी दुसरा काटा सुरू केला, मग तो कितीही संथ असो, तासाला आत जाणाऱ्या गाड्या वाढतातच, कारण पहिल्या काट्याचं काम तर सुरूच आहे. समांतर लावलेला प्रत्येक रोध म्हणजे धारेला मिळालेली एक जास्तीची वाट. म्हणून समांतर जोडणीचा एकूण रोध त्यातल्या सगळ्यात लहान रोधापेक्षाही लहान येतो. हे लक्षात ठेवा, पुढे उत्तर तपासायला कामी येईल.

ओळखायचं कसं

आकृतीत रोध एका ओळीत काढले म्हणजे एकसर, आणि एकाखाली एक काढले म्हणजे समांतर, असं बरीच मुलं धरून चालतात. पुस्तकातल्या पहिल्या दोन आकृत्या तशाच असतात, म्हणून ती सवय लागते. पण आकृती कशीही वाकवून काढता येते. तार लांब असो, आखूड असो, वळसा घालून आलेली असो, धारेला त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो फक्त एका गोष्टीने: रोधाची दोन टोकं कुठे जोडली आहेत.

म्हणून कसोटी टोकांची लावायची.

दोन रोधांची दोन्ही टोकं सामाईक असतील, म्हणजे दोघेही त्याच दोन बिंदूंमध्ये बसले असतील, तर ते समांतर. एक टोक जुळलं एवढं पुरत नाही.

दोन रोधांचं एकच टोक सामाईक असेल आणि त्या सांध्यावर तिसरं काहीही जोडलेलं नसेल, तर ते एकसर. ‘तिसरं काहीही नाही’ ही अट विसरली की गणित गेलंच. सांध्यावर तिसरी तार आली की धारेला फुटायला वाट मिळते, मग दोन्ही रोधांतून सारखीच धारा जाईल याची खात्री उरत नाही.

आणि नुसत्या तारेने, म्हणजे मध्ये रोध नसलेल्या तारेने जोडलेले सगळे बिंदू हा एकच बिंदू. त्यांना एकच अक्षर द्यायचं.

गणित

१२ व्होल्टची बॅटरी घ्या. बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपातली बॅटरी सहसा १२ व्होल्टचीच असते, त्यामुळे हा आकडा आपल्याकडच्या मुलांच्या ओळखीचा आहे.

बॅटरीच्या धन टोकाजवळच्या बिंदूला क म्हणा. क पासून २ ओहमचा रोध ख या सांध्यापर्यंत जातो. ख पाशी वाट फुटते. वरच्या शाखेत १० ओहमचा एकच रोध आहे आणि तो थेट ग या सांध्याला मिळतो. खालच्या शाखेत आधी ७ ओहमचा रोध आहे, तो च या बिंदूपाशी संपतो, आणि च पासून ८ ओहमचा रोध निघून ग ला मिळतो. ग पासून ४ ओहमचा रोध घ पर्यंत, आणि घ म्हणजे बॅटरीचं ऋण टोक. एकूण रोध किती? बॅटरीतून निघणारी धारा किती? आणि प्रत्येक रोधातून किती?

आकृती काढून झाली की लगेच सूत्राला हात घालू नका. आधी प्रत्येक रोधाची टोकं लिहून काढा:

२ ओहम: क–ख
१० ओहम: ख–ग
७ ओहम: ख–च
८ ओहम: च–ग
४ ओहम: ग–घ

आता यादीतून दोनच गोष्टी शोधायच्या. एक म्हणजे, अक्षरांची जोडी तंतोतंत सारखी असलेले रोध आहेत का? तसे असतील तर ते समांतर. इथे सध्या एकही जोडी पुन्हा आलेली नाही. दुसरी म्हणजे, यादीत फक्त दोनदा आलेलं अक्षर आहे का? ख तीनदा आला आहे, ग तीनदा आला आहे. च मात्र दोनदाच. क आणि घ एकेकदा दिसतात, पण तिथे बॅटरी जोडलेली आहे, त्यांना हात लावायचा नाही.

फळ्यावर हे चाललं असताना एक मुलगी उठून विचारते, “सर, दहा अन् सात तं दोन्ही ख पासूनच निघून रायले. मंग ते समांतर काऊन नाही?”

प्रश्न अगदी नेमका आहे, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मी तिला म्हणतो, “निघून रायले खरं, पण पोचून कुठं रायले ते पाय.” १० ओहमचा रोध ग ला पोचतो. ७ ओहमचा च ला पोचतो, आणि च म्हणजे ग नव्हे, त्यांच्यामध्ये अजून ८ ओहमचा रोध बसला आहे. सुरुवात एक आणि शेवट वेगळा, म्हणजे १० आणि ७ एकमेकांना समांतरही नाहीत आणि एकसरही नाहीत. दोन रोधांमध्ये या दोन्हींपैकी एक नातं असलंच पाहिजे, असं नसतं.

*पहिली पायरी.* च वर फक्त ७ आणि ८ ओहमचे रोध भेटतात, तिसरं काही नाही. म्हणून ते एकसर. ७ + ८ = १५ ओहम. च हा बिंदू आता खोडून टाका आणि आकृती नव्याने काढा. आळस करून जुन्याच आकृतीवर गिरवू नका. यादीही नव्याने लिहा:

२ ओहम: क–ख
१० ओहम: ख–ग
१५ ओहम: ख–ग
४ ओहम: ग–घ

*दुसरी पायरी.* आता १० आणि १५ या दोघांसमोर ख–ग ही एकच जोडी आली. म्हणजे ते समांतर.

१/R = १/१० + १/१५ = ३/३० + २/३० = ५/३० = १/६

इथे थांबा. १/६ हे उत्तर नाही, ते १/R आहे. उलटं केलं की R = ६ ओहम. हे उलटं करायचं राहून जातं आणि पुढच्या ओळीत ०.१६ ओहम घेऊन मुलं बेरीज करत बसतात. वहीत १/R हे डाव्या बाजूला प्रत्येक ओळीत लिहिण्याची सवय लावली तर ही चूक आपोआप टळते. डावी बाजू न लिहिता नुसते अपूर्णांक खाली खाली लिहीत गेलं की शेवटी आपण काय काढत होतो तेच विसरतं.

दोनच रोध असतील तर गुणाकाराला बेरजेने भागायचं, हा छोटा मार्गही चालतो: १० × १५ = १५०, १० + १५ = २५, आणि १५० ÷ २५ = ६. ताळा जमला. ६ हा १० पेक्षा लहान आहे, तेही अपेक्षेप्रमाणे.

नवी यादी:

२ ओहम: क–ख
६ ओहम: ख–ग
४ ओहम: ग–घ

*तिसरी पायरी.* आता ख आणि ग दोन्ही दोन-दोनदाच आले. तिन्ही रोध एका वाटेवर आहेत. २ + ६ + ४ = १२ ओहम.

एकूण रोध १२ ओहम. बॅटरी १२ व्होल्टची, म्हणून एकूण धारा I = V/R = १२/१२ = १ अँपिअर.

उत्तर पटण्यासारखं आहे का

पुढे जाण्याआधी एक तपासणी करून घ्या. ती फारशी शिकवली जात नाही, पण परीक्षेत ती फार उपयोगी पडते असा माझा अनुभव आहे.

मूळ आकृतीत ख आणि ग मधला सगळा भाग काढून तिथे नुसती तार लावली आहे असं धरा. मग उरतात २ आणि ४, म्हणजे ६ ओहम. खरा रोध यापेक्षा कमी असूच शकत नाही. आता उलट करा: खालची शाखा कापून टाका. धारेची एक वाट गेली, म्हणजे रोध वाढणार. मग उरतात २ + १० + ४ = १६ ओहम. खरा रोध यापेक्षा जास्त असू शकत नाही. म्हणजे समांतरचं सूत्र न लावताच आपल्याला कळलं की उत्तर ६ आणि १६ च्या मध्ये असलं पाहिजे. आपलं १२ त्यात बसतं.

आता ज्यांनी १० आणि ७ समांतर धरले त्यांचं काय होतं ते बघा. १० × ७ = ७०, भागिले १७, म्हणजे साधारण ४.१२. त्यात ८, २ आणि ४ मिळवले की १८.१२ ओहम. १६ च्या वर गेलं, म्हणजे कुठेतरी चुकलं. ज्यांनी सरसकट पाचही रोधांची बेरीज केली त्यांचं ३१ येतं, तेही बाहेर. या तपासणीला दोन मिनिटंही लागत नाहीत. मात्र उत्तर दोन मर्यादांच्या आत आलं म्हणजे ते बरोबरच आहे असं समजू नका. बाहेर गेलं तर ते नक्की चूक आहे, एवढंच ती सांगते.

परतीची वाट: प्रत्येक रोधातली धारा

एकूण रोध काढताना आपण आकृती आवळत गेलो. धारा काढताना त्याच पायऱ्या उलट्या उतरायच्या, म्हणून तिन्ही आकृत्या वहीत जपून ठेवा.

शेवटच्या आकृतीत तीन रोध एकसर होते, म्हणजे तिघांतूनही १ अँपिअरच जाते. २ ओहमवर विभवांतर १ × २ = २ व्होल्ट. ६ ओहमवर ६ व्होल्ट. ४ ओहमवर ४ व्होल्ट. बेरीज १२, बॅटरीइतकी.

आता एक पायरी मागे. ६ ओहमचा रोध खरा नव्हताच, तो १० आणि १५ यांच्या जागी आपण धरला होता. त्याच्यावरचे ६ व्होल्ट हेच १० वरही आहेत आणि १५ वरही आहेत, कारण दोन्हींची टोकं ख आणि ग. १० ओहममधून ६/१० = ०.६ अँपिअर. १५ ओहमच्या शाखेतून ६/१५ = ०.४ अँपिअर. बेरीज १ अँपिअर, जेवढी ख पाशी आली तेवढीच. जास्त रोधाच्या शाखेतून कमी धारा गेली.

अजून एक पायरी मागे. १५ म्हणजे ७ आणि ८. दोन्हींतून ०.४ अँपिअर. ७ ओहमवर ०.४ × ७ = २.८ व्होल्ट, ८ ओहमवर ०.४ × ८ = ३.२ व्होल्ट. दोन्ही मिळून ६ व्होल्ट.

या भागात दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली: बॅटरी १२ व्होल्टची आहे म्हणून प्रत्येक रोधासाठी V = १२ धरायचं. मग १० ओहममधून १.२ अँपिअर येते. पण बॅटरीतून एकूण निघते १ अँपिअर, मग एका शाखेत तिच्याहून जास्त कुठून येईल? ओहमचा नियम लावताना V हे त्या रोधाच्या स्वतःच्या दोन टोकांमधलंच घ्यायचं. दुसरी चूक: दोन शाखा आहेत म्हणून धारा निम्मी-निम्मी वाटायची. दोन्ही शाखांचा रोध सारखा असेल तरच तसं होतं.

सगळं झाल्यावर शंका उरली असेल तर शक्तीचा ताळा घ्या. प्रत्येक रोधात खर्च होणारी विद्युत शक्ती I × I × R इतकी असते. २ ओहममध्ये २ वॅट, ४ ओहममध्ये ४ वॅट, १० ओहममध्ये ०.६ × ०.६ × १० = ३.६ वॅट, ७ ओहममध्ये ०.४ × ०.४ × ७ = १.१२ वॅट, ८ ओहममध्ये १.२८ वॅट. बेरीज बरोबर १२ वॅट. बॅटरी देते ती १२ व्होल्ट × १ अँपिअर = १२ वॅट. पाचही रोधांचे आकडे बरोबर असल्याखेरीज हा ताळा सहसा जुळत नाही.

ओळीत दिसतात, पण समांतर आहेत

टोकांची यादी का लिहायची, ते या छोट्या गणितातून नीट कळतं. एका आडव्या रेषेवर क, ख, ग, घ असे चार बिंदू. क–ख मध्ये ६ ओहम, ख–ग मध्ये ३ ओहम, ग–घ मध्ये २ ओहम. बॅटरी क आणि घ ला जोडली आहे. इथवर ते एकसर आहेत आणि उत्तर ११ ओहम. आता क पासून ग पर्यंत वरून एक नुसती तार टाका, आणि ख पासून घ पर्यंत खालून दुसरी नुसती तार.

क आणि ग नुसत्या तारेने जोडले, म्हणजे ते एकच बिंदू झाले. ग खोडून तिथे क लिहा. ख आणि घ एकच झाले. ख खोडून घ लिहा. आता यादी पाहा: ६ ओहम क–घ, ३ ओहम घ–क, २ ओहम क–घ. तिन्हींची टोकं तीच दोन. तिघेही समांतर.

१/R = १/६ + १/३ + १/२ = १/६ + २/६ + ३/६ = ६/६ = १

एकूण रोध १ ओहम. सगळ्यात लहान रोध २ ओहमचा, त्याहूनही कमी, म्हणजे ठीक.

इथे कुणी गुणाकार भागिले बेरीज हा छोटा मार्ग तिन्ही रोधांना एकदम लावला, तर ३६ भागिले ११, म्हणजे ३.२७ येतं. ते २ पेक्षा मोठं आहे, म्हणून पाहताक्षणी चूक. तो मार्ग फक्त दोन रोधांसाठी आहे. तीन असतील तर आधी दोघांचा एक करा, मग त्याची तिसऱ्याशी जोडी लावा: ६ आणि ३ चे २, आणि २ व २ चा १.

टेबलावर जोडून पाहायचं असेल तर

तालुक्याच्या गावी रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कार्बनचे छोटे रोध स्वस्तात मिळतात. पण वरचं गणित जसंच्या तसं जोडू नका. ते छोटे रोध बहुधा पाव वॅटचे असतात, आणि आपल्या ४ ओहमच्या रोधात ४ वॅट खर्च होतात. तो तापून करपेल, हातही भाजेल. उपाय सोपा आहे: सगळे रोध हजारपट घ्या. रोध हजारपट झाले की धारा हजारावा भाग होते, अँपिअरचं मिलीअँपिअर होतं, आणि काहीही तापत नाही.

दुकानात ठरावीक आकड्यांचेच रोध मिळतात. २.२, १०, ६.८, ८.२ आणि ३.९ किलोओहम मागा. २ च्या जागी २.२, ७ च्या जागी ६.८, ८ च्या जागी ८.२ आणि ४ च्या जागी ३.९. ६.८ आणि ८.२ ची बेरीज पुन्हा १५ च येते, १० आणि १५ चे ६ होतात, आणि एकूण २.२ + ६ + ३.९ = १२.१ किलोओहम. रोधावर रंगीत पट्टे असतात. १० किलोओहमवर तपकिरी, काळा, नारिंगी आणि शेवटी सोनेरी. सोनेरीचा अर्थ, खरा रोध लिहिलेल्या आकड्यापेक्षा ५ टक्के इकडे-तिकडे असू शकतो. म्हणून मल्टिमीटरवर ११.५ ते १२.७ किलोओहममध्ये काहीही आलं तरी तुमची जोडणी बरोबर आहे.

मल्टिमीटर २० किलोओहमच्या पट्टीवर ठेवा. रोध मोजताना बॅटरी काढलेली असली पाहिजे, नाहीतर मीटर भलतंच काही दाखवतं आणि बिघडूही शकतं. मीटरच्या दोन्ही सुया बोटांनी धातूवर दाबून धरू नका, कारण मग तुमचं शरीरही समांतर जोडलं जातं आणि आकडा कमी येतो, घामेजल्या हातांनी तर आणखीच. रोध मोजून झाला की बॅटरी जोडा, मीटर व्होल्टवर फिरवा आणि ख–ग मधलं विभवांतर पाहा. ते बॅटरीच्या व्होल्टच्या निम्म्याच्या जवळपास यायला हवं. भरलेली बॅटरी १२ पेक्षा थोडं जास्त दाखवते, म्हणून आधी बॅटरीचे व्होल्ट मोजा आणि मग तुलना करा. तिथे जवळजवळ पूर्ण बॅटरीचे व्होल्ट आले तर ख–ग मधले सांधे सुटले असण्याची शक्यता जास्त. आधी वरची आणि खालची दोन्ही शाखा ख आणि ग ला नीट लागल्या आहेत का ते बघा, कारण दोन्ही सुटल्या तर धाराच वाहत नाही आणि सगळे व्होल्ट त्या फटीवर दिसतात. शून्य आलं तर बाकीची वाट कुठेतरी तुटली आहे, किंवा ख आणि ग नुसत्या तारेने जोडले गेले आहेत. हे सगळं बॅटरीवरच करायचं. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला यातलं काहीही जोडू नका.

बल्ब वापरून ताळा पाहायला गेलात तर आकडे फसवतील. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या तारेच्या बल्बचा रोध गणिताने साधारण ८८२ ओहम येतो, पण तो पेटलेला असतानाचा. थंड बल्ब मीटरला लावला तर त्याच्या कितीतरी कमी दिसतो, कारण आतली टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो. आपली सूत्रं रोध स्थिर आहे असं धरून चालतात.

ही पद्धत कुठे अडते

कधीकधी यादी लिहिल्यावर एकही जोडी सारखी नसते आणि बॅटरीची टोकं सोडली तर दोनदाच आलेलं अक्षरही सापडत नाही. उदाहरणार्थ बॅटरी क आणि घ ला आहे, क–ख २ ओहम, ख–घ ४ ओहम, क–ग ३ ओहम, ग–घ ६ ओहम, आणि ख–ग मध्ये ५ ओहम. ख तीनदा, ग तीनदा. आवळायला काहीच मिळत नाही. अशा वेळी यादीत चूक शोधत बसू नका, ही जोडणीच वेगळी आहे. तिला व्हीटस्टन सेतू म्हणतात आणि सर्वसाधारण गणित अकरावी-बारावीत किरचॉफच्या नियमांनी सोडवतात. पण या उदाहरणात २ ला ४ चं जे गुणोत्तर तेच ३ ला ६ चं आहे. त्यामुळे ख आणि ग मध्ये विभवांतरच राहत नाही, ५ ओहममधून धारा जात नाही, आणि तो रोध काढून टाकला तरी चालतो. मग २ + ४ = ६ आणि ३ + ६ = ९ हे समांतर, ५४ भागिले १५, म्हणजे ३.६ ओहम.

आता एक तुम्ही सोडवा. बॅटरी १२ व्होल्टची, क आणि घ ला जोडलेली. क–ख मध्ये ५ ओहम. ख–ग मध्ये ८ ओहम, आणि ख–ग मध्येच एक नुसती तार. ग–घ मध्ये १२ ओहम, आणि ग–घ मध्येच ४ ओहम. एकूण रोध आणि प्रत्येकातली धारा काढा. उत्तर ८ ओहम आणि एकूण १.५ अँपिअर येतं. १२ ओहममधून ०.३७५ अँपिअर, ४ ओहममधून १.१२५ अँपिअर, आणि ८ ओहममधून शून्य. ज्यांचं उत्तर १६ ओहम आलं त्यांनी ख आणि ग यांना एकच अक्षर देऊन यादी पुन्हा लिहावी.